टाके पोटाला, सांभाळायची छाती

मैत्रिणींनो, चिंचवडच्या एका वहिनींचं पोट उघडून पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. टाके दुखतात म्हणून त्या वरवर श्वास घेत. अशानं फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो. तीन गोळ्यांचं यंत्र दिलं, तर त्या फुंकतच बसल्या! अहो, फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरून सावकाश आत ओढा नि ३ ते ५ सेकंद रोखा. जागेपणी तासाला १० वेळा; चक्कर आली तर थांबा. खोकताना टाक्यांवर उशी दाबा. मात्र नुसत्या यंत्रावर विसंबू नका. डॉक्टर ‘हो’ म्हणाले की दुसऱ्याच दिवशी आधार घेऊन खोलीत चाला. ताप, धाप, पिवळा कफ दिसला, तर यजमान चाकणहून ड्यूटी संपवून येईपर्यंत थांबू नका. नर्सबाईंना तेव्हाच सांगा.