बाळाला मोठ्या माणसापेक्षा जास्त डोस? एनोक्सापॅरिनचे गणित

बाळाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की डॉक्टर बहुधा एनोक्सापॅरिन हे इंजेक्शन सुरू करतात. ते दर १२ तासांनी कातडीखाली द्यायचे असते. डिस्चार्ज कार्ड वाचून अनेक पालक चक्रावतात. आजोबांना याच औषधाचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम होता आणि वीस दिवसांच्या बाळाला किलोमागे दीड! काही दिवसांनी तोही वाढवला जातो. मग मनात येते, कुठे चूक तर होत नाही ना?

बहुतेक वेळा चूक नसते. दोन महिन्यांपेक्षा मोठ्या मुलांना उपचाराचा सुरुवातीचा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम असतो, त्याहून लहान बाळांना दीड. बाळाच्या शरीरात वजनाच्या मानाने पाणी जास्त असते, त्यामुळे औषध अधिक जागेत पसरून पातळ होते. बाळ ते शरीराबाहेरही लवकर टाकते. तिसरे कारण जरा वेगळे आहे. हे औषध एकटे काम करत नाही. रक्तातल्या अँटीथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला ते जोर देते आणि ते प्रथिन गुठळी थांबवते. नवजात बाळात हे प्रथिन मोठ्यांच्या साधारण निम्मेच असते. मदतनीस कमी, म्हणून औषधाचा परिणामही कमी.

माझे स्पष्ट मत असे की किलोमागचा आकडा हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. लहान बाळांत रक्त तपासल्याशिवाय त्यावर विसंबून राहू नये. या तपासणीला अँटी-टेन-ए म्हणतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोसनंतर ४ ते ६ तासांनी रक्त घेतात आणि पातळी ०.५ ते १ च्या दरम्यान असावी अशी अपेक्षा असते.

एक उदाहरण घेऊ. समजा बाळ ३ किलोचे आहे. दीडच्या हिशेबाने डोस झाला साडेचार मिलिग्रॅम. पातळी आली ०.३, म्हणजे कमी. अशा वेळी प्रचलित तक्त्यानुसार डोस २५ टक्के वाढवतात, म्हणजे ५.६ मिलिग्रॅम. पुन्हा तपासले तर ०.४२. आता १० टक्के वाढ, म्हणजे ६.२. पुढची पातळी ०.६ आली आणि डोस तिथे थांबला. किलोमागे हिशेब केला तर तो दोनच्या थोडा वर गेला. मोठ्यांच्या दुप्पट, तरीही या बाळासाठी योग्य. पहिल्या डोसवरच थांबलो असतो तर इंजेक्शनचे टोचणे झाले असते, पण अपेक्षित पातळी गाठली नसती.

यावर काही जण म्हणतात की ही ०.५ ते १ ची पट्टी मोठ्या माणसांवरून घेतली आहे. मग तान्ह्या बाळाला पुन्हा पुन्हा का टोचायचे? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच पातळी पट्टीत आल्यावर उगाच रोज रक्त काढू नये. पण पहिली पातळी पाहणे टाळणे मला पटत नाही, कारण एकाच वजनाच्या दोन बाळांत फरक खूप असतो.

आकडा फसवाही असू शकतो. रक्त इंजेक्शननंतर आठ तासांनी घेतले तर पातळी खोटी कमी दिसते आणि डोस विनाकारण वाढतो. हेपॅरिनने धुतलेल्या नळीतून रक्त घेतले तर ती खोटी जास्त दिसते. म्हणून इंजेक्शनची नेमकी वेळ वहीत लिहा आणि रक्त घेणाऱ्याला दाखवा. आकडा अनपेक्षित आला तर डोस बदलण्याआधी "रक्त कधी आणि कुठून घेतले?" हे डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी इंजेक्शन देत असाल तर मापाकडे लक्ष द्या. तयार सिरिंजमध्ये सहसा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे साडेचार मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम ०.०४५ मिलिलिटर. रेघ एक चुकली तरी डोस बराच बदलतो. काही रुग्णालये औषध पातळ करून देतात, तेव्हा हेच माप बदलते. म्हणून "किती मिलिग्रॅम आणि कोणत्या रेघेपर्यंत" हे दोन्ही लिहून घ्या आणि नर्ससमोर एकदा स्वतः भरून दाखवा.

बाळाचे वजन वाढले की डोसचा हिशेब पुन्हा करावा लागतो, म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून घ्या. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. बाळाला लघवी कमी होऊ लागली तर औषध साचते, तेव्हा लगेच कळवा. शौचात किंवा उलटीत रक्त, वाढते काळे-निळे डाग, सतत झोपाळूपणा किंवा टाळू फुगणे दिसले तर पुढचे इंजेक्शन न देता थेट रुग्णालयात जा. बाकी डोस स्वतःहून कमी-जास्त करू नका. आकडा मोठा वाटला, तर आधी विचारा.