दुसरी सही

घरातला मुलगा किंवा नवरा सट्ट्याच्या अ‍ॅपवर पैसे लावतो हे उघड झालं, की नातेवाईक पहिला सल्ला देतात तो फोन काढून घ्यायचा. दुसरा देवाची शपथ घालायचा. तिसरा, आणि हा सगळ्यात महागात पडणारा, एफडी मोडून सगळी देणी एकदाची मिटवून टाकायचा. नोकरीची बहुतेक वर्षं माझी बँकेच्या काउंटरमागे गेली. असे तिन्ही सल्ले पाळून रिकामी झालेली घरं मी पाहिली आहेत. फोन दुसरा मिळतो आणि शपथ मोडते. एफडी मोडून मिटवलेलं कर्ज तर वर्षभरात परत तेवढंच उभं राहतं, फक्त आता एफडी नसते.

खेळणाऱ्याला थांबवणं हे डॉक्टरांचं काम आहे. सरकारच्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर सुरुवात करता येते, मराठीत बोलता येतं. माझ्या आवाक्यातला प्रश्न वेगळा आहे. तो बरा होईपर्यंत घरातला पैसा कुठे आणि कसा ठेवायचा?

एक घर घेऊ. अशा पाचसहा घरांचे तुकडे जोडून हे एक केलं आहे. नाशिकच्या एमआयडीसीत नोकरी करणारा तरुण, पगार ४६ हजार. बायको घरी शिवणकाम करते, महिन्याला आठनऊ हजार मिळवते. आधी हा रमी आणि फँटसी क्रिकेट खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैसे लावण्याचे खेळ बंद केले. तो कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला करतो. पण सवय कायद्याने जात नाही. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’ दिला आणि हा परदेशातून चालणाऱ्या साइटवर गेला.

बायकोला संशय आला तो पासबुकावरून. ५००, १०००, २००० अशा गोल रकमा यूपीआयने गेलेल्या, आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच अनोळखी माणसाच्या नावावर. कंपनीचं नाव कुठेच नाही. या साइट भाड्याच्या खात्यांवर पैसे घेतात आणि ती खाती सतत बदलतात, म्हणून उताऱ्यावर कुठलेतरी राहुल, सलीम, लक्ष्मी दिसतात. जिंकलेला पैसाही असल्याच खात्यांतून येतो, आणि त्यात वेगळा धोका आहे. ते भाड्याचं खातं एखाद्या सायबर फसवणुकीत सापडलं, तर ज्यांच्या ज्यांच्या खात्यात तिथून पैसे गेले त्यांची खातीही पोलिसांच्या सांगण्यावरून गोठवली जातात. तेच पगाराचं खातं असेल तर किराणा आणि शाळेची फी अडकते. म्हणून पहिला नियम हा, की ज्या खात्यात त्याचे खेळाचे पैसे येतात-जातात, त्यात घरखर्चाचा एक रुपयाही ठेवू नये.

एका रविवारी त्याने कबूल केलं. पर्सनल लोन तीन लाख, तेही बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधीच मंजूर दाखवत होतं म्हणून चार बटणं दाबून घेतलेलं. क्रेडिट कार्डाचे १ लाख १० हजार. कर्जाच्या अ‍ॅपचे ६० हजार. मित्रांचे ९० हजार. एकूण पाच लाख साठ हजार. घरात दोन एफडी होत्या, अडीच लाखांची आणि दीड लाखाची, दोन्ही त्याच्या एकट्याच्या नावावर. बायकोचा जीव एका गोष्टीवर शांत होता, की दोन्हींवर नॉमिनी म्हणून तिचं नाव होतं.

हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता मोजत नाही. नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यानंतर सुरू होतो. तो हयात असताना नॉमिनीला विचारण्याची बँकेला गरज नसते. अ‍ॅपवर एकट्याच्या नावाने केलेली एफडी रात्री दोन वाजता अ‍ॅपवरच मोडता येते.

ज्या एफडीला दोन माणसांच्या सह्या लागतात, ती मात्र रात्री मोडत नाही. संयुक्त ठेवीचा फॉर्म भरताना ‘व्यवहार कोण करणार’ असा रकाना असतो. बहुतेक जण विचार न करता ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ यावर खूण करतात. मुदत संपल्यावर अशी ठेव एकाच्या सहीने मिळते. मुदतीआधी मोडायला सर्वसाधारणपणे दोघांच्या सह्या लागतात, पण आधीच वेगळी संमती लिहून दिली असेल तर तेही कुंपण राहत नाही. आपल्याला हवा तो दुसरा पर्याय, ‘दोघांनी संयुक्तपणे’. अशा खात्यावर बँका सहसा यूपीआय आणि नेट बँकिंगने पैसे काढू देत नाहीत. एरवी गैरसोयीचा वाटणारा हा नियम या घराला हवाच होता.

पण त्यासाठी त्याची सही लागते, कारण पैसा त्याच्या नावावर आहे. मला या सगळ्यात वेळेचं महत्त्व सर्वात जास्त वाटतं ते म्हणूनच. कबुलीनंतरचे थोडे दिवस माणूस खरोखर शरमलेला असतो, सांगाल तिथे सही करतो. मग पगार होतो, दोन दिवस बरे जातात, आणि ‘माझ्यावर एवढाही विश्वास नाही?’ सुरू होतं. रडण्या-भांडण्यात ते दिवस गेले तर पुन्हा संधी येते ती पुढच्या कर्जाबरोबर. या बाईने सोमवारीच शाखेत जाऊन फॉर्म आणले.

आता देण्यांचा हिशेब. नुसत्या आकड्यांनी पाहिलं तर एफडी मोडणं चूक नव्हतं. ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतं आणि कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी वाढते. पण कार्ड फेडलं की त्याची मर्यादा परत मोकळी होते आणि महिन्याभरात पुन्हा भरते. म्हणून त्यांनी दीड लाखाची एफडी मोडली, तिच्या बचतीतले वीस हजार घातले, आणि त्या एक लाख सत्तर हजारांतून कार्ड आणि अ‍ॅपचं कर्ज एवढंच फेडलं. पैसे त्याच्या हातात न देता थेट घेणेकऱ्यांकडे भरले. त्याच दिवशी कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज दिला. थकबाकी भरलेली असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे, नाहीतर रोज पाचशे रुपये दंड द्यावा लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पर्सनल लोनचा सात हजारांचा हप्ता त्याच्या पगारातून चालू ठेवला. मित्रांना दर महिन्याला पाच हजार, अठरा महिने. ते ९० हजार एका फटक्यात देऊन टाका असं सासरे म्हणत होते. मित्रांनी त्याला परत उसने द्यावेत एवढंच त्यातून साधलं असतं.

उरलेली अडीच लाखांची एफडी दोघांच्या नावे, संयुक्त सहीची झाली. मुदत संपल्यावर पैसे कुठे जमा होतील हा रकानाही पाहावा लागतो. तिथे त्याचं पगाराचं खातं राहिलं तर सगळी मेहनत वाया.

आणि मग तिचं स्वतःचं खातं. इथे बहुतेक घरांत भगदाड असतं. ते खातं लग्नानंतर त्यानेच उघडून दिलं होतं, आणि नोंदवलेला मोबाइल नंबर त्याचा होता. यूपीआय सुरू करायला खात्याशी जोडलेलं सिम फोनमध्ये असावं लागतं, आणि पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी. सिम त्याच्या फोनमध्ये, कार्ड कपाटात. म्हणजे तिचं खातं व्यवहारात त्याचंच होतं. ती पासबुक, आधार, पॅन घेऊन स्वतः शाखेत गेली, नंबर बदलला, जुनं कार्ड बंद करून नवं घेतलं. एवढ्यावर थांबून चालत नाही. आधारच्या ओटीपीनेही यूपीआयचा पिन ठरवता येतो, आणि तिच्या आधारला नंबर कुणाचा जोडलेला? तोही त्याचाच. आधार केंद्रावर जाऊन तो बदलावा लागला.

दागिन्यांचं सोपं आहे, पण मन धजत नाही. सोनेतारण कर्ज अर्ध्या तासात मिळतं, आणि सोनं कोणाचं हे तिथे घेऊन येणाराच सांगतो. लॉकर संयुक्त असेल तर तिने आपल्या एकटीच्या नावाचा घ्यावा. स्त्रीधनावर नवऱ्याचा अधिकार नाही, अडचणीत वापरलं तर परत करण्याची जबाबदारी त्याची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण गहाण पडलेल्या पाटल्या निकालपत्र दाखवून सोडवता येत नाहीत.

त्याच्या पगारावर मात्र कुणालाच कुलूप लावता येत नाही. सज्ञान माणसाच्या कमाईवर बायकोची सही लागावी अशी सोय आपल्याकडे नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम आपोआप तिच्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देता येते, तीही त्याच्या मर्जीवर. भविष्यनिर्वाह निधीतून आजारपणाच्या नावाखाली ऑनलाइन उचल घेता येते, तेही तोच करू शकतो. तो सह्याच करत नसेल आणि घर रिकामं करत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा रस्ता आहे. त्यात आर्थिक छळही येतो. दंडाधिकारी लॉकर, संयुक्त खाती, अगदी त्याच्या एकट्याच्या नावावरची खातीसुद्धा परवानगीशिवाय वापरू नये असा आदेश देऊ शकतात. एरवी भांडणाच्या कायद्यात गणला जाणारा हा कायदा बचत वाचवायलाही उपयोगी पडतो, हे वकीलही पटकन सांगत नाहीत.

एक गोष्ट तिने केली नाही, आणि ते बरं केलं. नव्या ‘सगळी कर्जं एकत्र’ योजनेच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून सही केली नाही. नवऱ्याने एकट्याने घेतलेल्या पर्सनल लोनसाठी बायको जबाबदार नसते. जामीनदार किंवा सहकर्जदार झाली की होते. वसुलीवाला फोनवर ‘तुम्हालाच भरावं लागेल’ म्हणाला, तरी सही नसेल तर ते खरं नाही.

आता दर तीन महिन्यांनी एकदा दोघं बसून त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढतात. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, म्हणजे आलटून पालटून वर्षाचे चार. ओटीपी त्याच्या फोनवर येतो, म्हणून तो शेजारी लागतो. त्यात मित्रांची उसनवारी दिसत नाही, सट्टाही दिसत नाही. नवं कर्ज दिसतं, आणि कुठल्या बँकेने किंवा अ‍ॅपने चौकशी केली तेही दिसतं. मागच्या खेपेला एका चौकशीची नोंद सापडली, कर्ज मिळालं नव्हतं. त्याने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी दोघं शाखेत गेले आणि त्याच्या खात्याची यूपीआय मर्यादा दिवसाला दोन हजारांवर आणून आले.