पहिले कृषिमंत्री कोण? माईक हातात असलेल्यांना एक प्रश्न

दरवर्षी २७ डिसेंबरला अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं. शाळेत, कॉलेजात, कृषी विद्यापीठाच्या परिसरात, एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीसमोर. सूत्रसंचालक घसा साफ करतो आणि म्हणतो, "स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री, शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख..." टाळ्या पडतात, हार घातला जातो.

वाक्य चुकीचं आहे. आणि ते तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

१९४६च्या हंगामी सरकारात अन्न आणि कृषी खातं राजेंद्र प्रसादांकडे होतं. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला तेव्हाही ते त्यांच्याकडेच होतं. १९४८मध्ये त्यांच्या जागी जयरामदास दौलतराम आले. १९५०मध्ये कन्हैयालाल मुन्शी आले, वनमहोत्सव सुरू करणारे ते हेच. १९५२च्या पहिल्या निवडणुकीनंतर हे खातं रफी अहमद किडवाईंकडे गेलं. त्याच निवडणुकीत पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषीचे मंत्री होते. म्हणजे 'पहिले' हा शब्द कुठूनही बसत नाही. स्वातंत्र्यापासून मोजा किंवा प्रजासत्ताकापासून मोजा, त्यांच्या आधी कुणीतरी आहेच.

हे लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "जयंतीच्या दिवशी काय खुसपट काढता? मोठा माणूस होता ना?" होता. म्हणूनच राग येतो. या माणसाला 'पहिले' या खोट्या बिरुदाची गरज काय? पापळसारख्या गावातून निघून ते संविधान सभेत बसले. विदर्भात शाळा-कॉलेजांचं जाळं उभं करणारी शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी काढली. दिल्लीत १९५९च्या अखेरीस भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे त्यांचा हात होता. त्यांच्या नावापुढचं 'डॉ.' ऐकून अनेक मुलांना वाटतं की ती शेतीतली पदवी असणार. प्रत्यक्षात त्यांचा प्रबंध वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर आहे. ही गोष्ट कुणी माईकवर सांगत नाही. कारण ती शोधावी लागते, 'पहिले' मात्र आयतं मिळतं. खोट्या बिरुदाने माणूस मोठा होत नाही, उलट त्याने खरोखर केलेलं काम त्या बिरुदाखाली झाकलं जातं.

हे वाक्य टिकलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. गेल्या वर्षीच्या सूत्रसंचालनाची वही यंदाच्या मुलीला मिळते. तिने म्हटलेलं उद्या पेपरच्या तालुका पानावर छापून येतं. पुढच्या वर्षी कुणी शोधलं की तेच कात्रण सापडतं आणि 'पुरावा' मिळतो. दहा ठिकाणी सापडलं म्हणजे दहा पुरावे असं आपल्याला वाटतं. पण दहाही जण एकाच वहीतून उतरवत असतील, तर तो पुरावा एकच, आणि तोही नसल्यात जमा.

मी हे वरून उपदेश म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका कार्यक्रमात माझीच शोभा झाली. वक्ते कापसावरच्या किडींचे अभ्यासक होते. त्यांचा परिचय मी आदल्या रात्री मोबाईलवर शोधून काढला, आणि तो निघाला त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा. मी मोठ्या ठसक्यात त्यांचे चार कवितासंग्रह जाहीर केले. ते उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "बाप्पा, कविता म्या जन्मात एकच केली, तेही बारावीत नापास झालो तवा. तिचा संग्रह कवा निघाला, मलेच मालूम नाही!" सभागृह हसलं, मीही हसलो. पण नंतर ते बोंडअळीबद्दल गंभीरपणे बोलत होते तेव्हाही मागच्या रांगेतली पोरं कवितेवरूनच खिदळत होती. त्यांच्या भाषणाची पहिली दहा मिनिटं मी खाल्ली होती.

तेव्हापासून माझा एक साधा शिरस्ता आहे. परिचय वक्त्याकडूनच मागवायचा, पाच ओळींत. तो आला की पेन घेऊन गोल काढायचे. कुठल्या शब्दांभोवती? 'पहिले', 'एकमेव', 'सर्वांत तरुण', 'आंतरराष्ट्रीय'. शिवाय प्रत्येक सन, प्रत्येक पद, प्रत्येक पुरस्कार. गोल काढलेल्या प्रत्येक शब्दाला वक्त्याच्या कागदाबाहेरचा एक आधार हवा. पुस्तक असेल तर पुस्तकाचं पहिलं पान. पद असेल तर ज्या संस्थेचं पद तिची यादी. पुरस्कार असेल तर देणाऱ्याची घोषणा. आधार मिळाला नाही तर शब्द काढायचा. वाक्य सहसा काहीच बिघडत नाही. 'पहिले कृषिमंत्री'मधलं 'पहिले' काढून '१९५२ ते १९६२' घातलं की वाक्य खरंही होतं आणि भारदस्तही.

यावर लोक म्हणतात, "वक्त्यानेच पाठवलंय, मग जबाबदारी त्याची." अजिबात नाही. वक्ता स्वतःबद्दल लिहिताना दोन पायऱ्या चढूनच लिहितो, हा मनुष्यस्वभाव आहे. विदर्भ साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद कागदावर हळूच 'साहित्य संमेलनाचे माजी अध्यक्ष' होतं आणि ऐकणाऱ्याला अखिल भारतीय वाटतं. एका शब्दाच्या गाळण्याने दोन वेगळ्या गोष्टी एक झालेल्या असतात. कागद त्याचा असला तरी आवाज तुमचा आहे.

'पद्मश्री'चंही तसंच. आपल्याकडे ती नावाच्या आधी उच्चारली नाही तर आयोजकाला घाम फुटतो. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या निकालात स्पष्ट केलं आहे की पद्म पुरस्कार म्हणजे किताब नव्हे, तो नावाच्या पुढे किंवा मागे लावायचा नाही. 'यांना अमुक साली पद्मश्री मिळाली' असं वाक्य करून सांगा. सन्मान तोच राहतो, आणि साल सांगायचं म्हटलं की तपासावंच लागतं.

शेवटचं काम फोनचं. आदल्या संध्याकाळी वक्त्याला फोन लावून सगळा परिचय वाचून दाखवायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. नावाचा उच्चार बरोबर आहे ना? हे पद आजही आहे की निवृत्त झालात? यातलं काय वाचू नको? तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. एका बाईंनी मला सांगितलं होतं, "नवऱ्याचं नाव आणि त्यांचं पद वगळा, मी माझ्या कामाबद्दल बोलायला येतेय." कागदावर ते दुसऱ्याच ओळीत होतं.

एवढं करूनही कार्यक्रमाच्या दिवशी सगळं उलटतं. वक्त्याची गाडी मूर्तिजापूरला अडकते, अध्यक्ष बदलतात, ग्रुपवर 'फायनल' नावाची चौथी पत्रिका येते. इथे गोंधळ होतो तो बदलामुळे नाही, तर दोन कागद एकाच वेळी जिवंत राहिल्यामुळे. म्हणून कागदाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ लिहा, आणि नवा आला की जुना तिथेच फाडा. मंचावर चिठ्ठी आणणारा माणूस एकच ठरवा. पाच जण कानात कुजबुजायला लागले की सूत्रसंचालक शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो.

आणि बदल जाहीर करताना खोटं बोलू नका. 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे आपल्याकडचं सगळ्यांत आजारी वाक्य आहे. माणूस ठणठणीत असतो, त्याला ऐनवेळी नको म्हटलेलं असतं, आणि आपण माईकवरून त्याला ताप आणतो.

जुन्या वऱ्हाडातल्याच यवतमाळचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१९मध्ये तिथे ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक होत्या नयनतारा सहगल. उद्घाटन अगदी तोंडावर आलं असताना, कार्यक्रम उधळण्याच्या धमक्यांचं कारण देऊन त्यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. न झालेलं भाषण संमेलनाआधीच लोकांच्या मोबाईलवर पोहोचलं होतं. मांडवात बसलेल्यांना मंचाइतकंच, कदाचित जास्तच ठाऊक होतं. अशा सभेत कुठलंही गुळगुळीत कारण सांगणं म्हणजे हजारो माणसांना मूर्ख समजणं.

मग उद्घाटन कुणी केलं? यवतमाळ जिल्ह्यातल्याच वैशाली येडे यांनी. त्यांचा परिचय बातम्यांमध्ये बहुतेक एकाच ओळीत आला: आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. ही ओळ खोटी नव्हती. पण ती त्यांच्या नवऱ्याच्या मृत्यूबद्दल होती, त्यांच्याबद्दल नव्हती. त्या 'तेरवं' या नाटकात काम करत होत्या, म्हणजे स्वतःच्या आयुष्याबद्दल रंगमंचावरून बोलण्याचा अनुभव असलेली ती बाई होती. साहित्याच्या मंचावर त्यांचा पहिला परिचय तो असायला हवा होता. बदली वक्ता आला की आपण घाईत त्याला आधीच्या माणसाची रिकामी खुर्ची भरणारा, किंवा एखाद्या दुःखाचा नमुना करून टाकतो. पाच मिनिटं मिळाली तरी पुरतात. मंचाच्या बाजूला उभं राहून विचारा, "ताई, तुमच्याबद्दल काय सांगू?" त्या सांगतील ती दोन वाक्यं लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि तेवढीच बोला. आदल्या वक्त्यासाठी लिहिलेली विशेषणं नव्या माणसाला चिकटवू नका.

या २७ डिसेंबरला तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात माईक येईल. वहीत ते वाक्य असेलच. सर तेच वाचायला सांगतील, कारण त्यांनीही तेच वाचलं होतं. तेव्हा 'पहिले' या शब्दावर काट मारा आणि 'पापळ' हा शब्द लिहा. सरांनी विचारलं तर राजेंद्र प्रसादांचं नाव सांगा. भाऊसाहेबांना त्याचं वाईट वाटलं नसतं, त्यांच्या काळात तेच खातं आधी कुणाकडे होतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.