महिन्याचे हजार, दहा वर्षांनी किती?

आपल्या वस्तीत हल्ली एजंट येतात आणि एक छापील कागद हातात ठेवतात. ‘महिन्याला एक हजार रुपये एस.आय.पी.त टाका, दहा वर्षांनी २,३२,३३९ रुपये मिळतील,’ असे त्यावर लिहिलेले असते. मुलीच्या कॉलेजसाठी पैसे जमवणारी आई तो आकडा पाहून हरखते. हा आकडा खोटा नाही, पण तो कसा आला हे समजल्याशिवाय त्यावर सही करू नये.

आपण दहा वर्षांत १२० हप्ते, म्हणजे स्वतःचे १,२०,००० रुपये भरणार. एजंटाने वर्षाला १२ टक्के वाढ धरली आहे आणि तिचे बारा भाग करून महिन्याला १ टक्का हिशोब केला आहे. मुलांच्या वहीत पहिले तीन महिने मांडून पाहा. पहिल्या महिन्याच्या सुरुवातीला १,००० भरले, महिनाअखेर १,०१० झाले. त्यात दुसरा हजार पडला, २,०१० झाले. त्यावर एक टक्का धरून २,०३०.१०. त्यात तिसरा हजार, म्हणजे ३,०३०.१०; त्यावर एक टक्का धरून ३,०६०.४०. असेच १२० महिने चालवले की २,३२,३३९ येतात.

यावरून एक गोष्ट कळते. प्रत्येक हजाराला वाढायला सारखा वेळ मिळत नाही. पहिल्या महिन्याचा हजार दहा वर्षांत ३,३०० रुपये होतो, शेवटच्या महिन्याचा फक्त १,०१०. पहिल्या पाच वर्षांत भरलेल्या ६० हजारांचे शेवटी सुमारे १ लाख ५० हजार होतात, तर नंतरच्या पाच वर्षांतल्या ६० हजारांचे सुमारे ८२ हजारच. म्हणून ‘यंदा लग्नकार्य आहे, पुढच्या वर्षी सुरू करू’ म्हटले की तोटा शेवटच्या हप्त्यांचा होत नाही, सगळ्यात जास्त वाढणाऱ्या हप्त्यांचा होतो. कोणी सांगेल, की सव्वा लाखाचे जवळजवळ चार लाख होतात. ते फक्त सगळे पैसे पहिल्याच दिवशी एकरकमी ठेवले तर. आपण तर महिन्याच्या पगारातून भरणार.

आता कागदातली बारीक गोष्ट. महिन्याला १ टक्का म्हणजे वर्षाला १२ टक्के नव्हे. वाढीवर वाढ मिळत गेल्याने ते वर्षाला १२.६८ टक्के होतात. वर्षाचे खरे १२ टक्केच धरले तर दहा वर्षांनी सुमारे २ लाख २४ हजार येतात, आठ हजारांनी कमी. एजंटाला विचारा, ‘हे बारा टक्के वर्षाचे की महिन्याच्या एका टक्क्याचे?’

त्याहून मोठा प्रश्न ‘बारा’ या आकड्याचाच आहे. पोस्टाच्या आरडीत व्याजदर आधी ठरलेला असतो. शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडात कोणताही दर ठरलेला नसतो. बारा टक्के हा केवळ धरलेला आकडा आहे. त्याच कागदावर त्याच पद्धतीने आठ टक्के धरले तर रक्कम १,८४,१६६ येते. म्हणजे एकाच हप्त्याचे दोन आकडे, आणि त्यांत ४८ हजारांचा फरक. दोन्ही आकडे शेजारी लिहून घ्या आणि मुलीच्या फीचा बेत लहान आकड्यावर बांधा.

शिवाय बाजार दरमहा एक-एक टक्का चढत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४१ हजारांच्या आसपास होता. २३ मार्च २०२० रोजी तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. नुकते हप्ते सुरू केलेल्याला त्या घसरणीत युनिट स्वस्त मिळाले. पण ज्याचे दहावे वर्ष तेव्हाच भरत होते आणि फी त्याच महिन्यात द्यायची होती, त्याच्या जमलेल्या सगळ्या रकमेला फटका बसला. म्हणून मुलगी दहावीत गेली की, म्हणजे कॉलेजच्या दोन-तीन वर्षे आधीपासून, जमलेले पैसे थोडे थोडे काढून बँकेत मुदत ठेवीत न्यावेत.

शेवटचा हिशोब महागाईचा. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर दहा वर्षांनंतरच्या २,३२,३३९ रुपयांत आजच्या सुमारे १ लाख ३० हजारांइतकीच खरेदी होईल. आज त्या कॉलेजची फी किती, ते आधी विचारून या. ती १ लाख ३० हजारांहून जास्त असेल, तर बारा टक्के मिळूनही महिन्याचा हजार पुरणार नाही. मग पगार वाढेल तसा हप्ता वाढवायचा, की बाकीची सोय दुसरीकडून करायची, हे आजच घरात बसून ठरवावे लागेल.