मसणवटीत दोन शब्द बोलायचे तर



कार्यकर्त्याला भाषण कसे करावे हे आपल्याकडे शिकवावे लागत नाही. मेळाव्यात माइक हाती आला की पाऊण तास कुठे जातो कळत नाही. एक भाषण मात्र असे आहे की त्याची तयारी कुणी करत नाही आणि ते करण्याची पाळी प्रत्येकावर येते. सकाळी दहाला निरोप येतो, अमुक गावचे अण्णा गेले, चारला माती आहे. आपण एस.टी. धरून पोचतो. पोचतो न पोचतो तोच एखादा वडीलधारा हाताला धरून बाजूला नेतो आणि म्हणतो, "भाऊ, दोन शब्द तुमीच बोला." नाही म्हणता येत नाही. तयारीला मसणवटीपर्यंतची वाट, नाहीतर फार तर तास-दीड तास.

मी अशा वेळी एकदा वीस मिनिटे बोललो होतो. माणूस चांगला, माझ्या माहितीचा. सुरुवात त्याच्यापासून केली, मग त्याची शेती आली, शेतीवरून कापूस, कापसावरून भाव, भावावरून सरकार. समोर त्याचा मुलगा खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन फेऱ्यांसाठी उभा होता. उन्हात. कुणी मला थांबवले नाही, मयताच्या ठिकाणी कोण कुणाला थांबवतो? परतताना एक म्हातारा एवढेच म्हणाला, "भाषण चांगलं झालं, पण म्हादूचं नाव एकदाच आलं." (नाव मी बदलले आहे.) त्या दिवसापासून मी एक साधी रीत धरली. तिचे तीन भाग आहेत आणि तिन्ही मिळून तीन मिनिटांत बसतात.

पहिला भाग, गेलेला माणूस कोण होता. दुसरा, त्याचा एकच प्रसंग. तिसरा, निरोप. पहिल्याला अर्धे मिनिट, मधल्याला दीड-दोन मिनिटे आणि शेवटच्याला पुन्हा अर्धे. हा क्रम उगाच नाही. उठून उभे राहिल्यावर पहिली चार वाक्ये बोलताना आपला घसा आणि डोळे आपल्या ताब्यात नसतात. त्या वेळी नाव, गाव, नाते, वय, मागे कोण आहे एवढीच साधी माहिती सांगायची असली म्हणजे आवाज बसतो. परगावचे पाहुणे मागे उभे असतात, त्यांनाही कुणाची माती आहे हे नीट कळते. प्रसंग मध्ये ठेवायचा, कारण लोक तेव्हा शांत झालेले असतात. आणि निरोप आधीच ठरवलेला असला म्हणजे थांबायचे कुठे हे शोधत भटकावे लागत नाही. लांबणारे भाषण बहुतेक वेळा यामुळेच लांबते. बोलणाऱ्याला सांगायचे फार असते असे नाही, त्याला शेवट सापडत नसतो.

आता खरी अडचण प्रसंगाची. माणूस ओळखीचा नसला तर तो आणायचा कुठून? यासाठी दोघांना गाठावे, एक घरातला आणि एक कामातला सोबती. "कसे होते हो अण्णा?" असे विचारू नये. त्याला उत्तर ठरलेले आहे, "लई चांगला माणूस." मनमिळाऊ, कष्टाळू, देवभोळा, परोपकारी, हे चार शब्द आपण प्रत्येक सरणापाशी ऐकतो आणि ते कुणालाही लागू पडतात. विचारायचे ते असे की, कशावरून चिडायचे? सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते करायचे? तुम्ही दोघांनी मिळून शेवटचे काय केले? अशा प्रश्नाला माणूस थोडा थांबतो, मग हसतो किंवा रडतो, आणि काहीतरी खरे सांगतो.

मागच्या एका वेचणीच्या हंगामातली गोष्ट सांगतो. एका गावात एक म्हातारी काकू वारल्या. त्यांच्या मुलाशी आमची ओळख, काकूंना मी दोनदा पाहिलेले, तेही चहापुरते. बोलायला मलाच सांगितले. हाताशी सव्वा तास होता. बाईमाणसाच्या बाबतीत तर पुरुष बोलणाऱ्यांची फार पंचाईत होते. ती अमक्याची आई आणि तमक्याची पत्नी होती, तिने सोसले, एवढ्यावर भाषण संपते. मी आधी सुनेला विचारले. ती म्हणाली, "आत्याबाईंना तोंडी हिशेब खपायचा नाही." एवढ्या एका वाक्याचा धागा धरून मी त्यांच्याबरोबर वेचणीला जाणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी प्रसंग सांगितला. मग मुलाला विचारून घेतले की हे चारचौघांत सांगू का. तो हो म्हणाला. हे विचारणे कधी चुकवू नये. आपल्याला जी गंमत वाटते ती घरात जुनी जखम असू शकते.

पाकिटाच्या पाठीमागे मी दहा-बारा शब्दच लिहिले. पूर्ण भाषण लिहून नेऊ नये, वाऱ्यात कागद फडफडतो आणि मान वर होत नाही. दोन गोष्टी मात्र पूर्ण लिहाव्यात, घरच्यांची नावे आणि शेवटचे वाक्य. धाकट्या मुलीचे नाव चुकले तर तेवढेच घरच्यांच्या लक्षात राहते. मी बोललो ते साधारण असे होते. नावे इथे गाळली आहेत.

"आज आपण काकूंना पोचवायला आलो आहोत. वय सत्तरीच्या पुढे. मागे दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे आहेत. चाळीस वर्षे त्यांनी या शिवारात कापूस वेचला, आधी दुसऱ्याच्या रानात आणि नंतर स्वतःच्या.

एका वर्षी एका मोठ्या रानात वेचणी चालू होती. मजुरी किलोवर. संध्याकाळी गाठोडे काट्याला लावले की फडक्याचे म्हणून अर्धा किलो कापायचे. सगळ्या बायांना ते माहीत होते आणि सगळ्या गप्प होत्या. काकूंनी भांडण केले नाही. आपल्या पाळीला त्यांनी गाठोडे सोडले, कापूस ढिगावर ओतला, आणि रिकामे फडके काट्याला लावून म्हणाल्या, आता हे तोला. ते पाव किलोही भरले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या रानात आधी फडके तोलायचे आणि मग गाठोडे. काकू स्वतः काट्याजवळ उभ्या राहायच्या आणि शेवटच्या बाईचे माप झाल्याशिवाय घरी जायच्या नाहीत.

काकू, तुमचे माप आम्हाला करता येत नाही. घरच्यांनो, आम्ही सगळे इथे आहोत. काकूंना आमचा शेवटचा नमस्कार."

एवढेच. तीन मिनिटेही झाली नाहीत. बोलताना काट्याच्या प्रसंगाला मागच्या बाजूला उभ्या असलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या माना हलवत होत्या, त्यावरून प्रसंग खरा आहे एवढे कळले. हीच खूण. माणसे चुळबुळ करू लागली, घड्याळाकडे किंवा सरणाकडे पाहू लागली, की आपण त्या माणसाला सोडून स्वतःवर आलो असे समजावे आणि सरळ शेवटच्या वाक्यावर उडी मारावी. मधले काय राहिले हे कुणाला कळत नाही.

बोलायचे कधी, हेही आधी घरच्या वडीलधाऱ्याशी ठरवावे. अग्नी देण्याआधी सगळे विधीत अडकलेले असतात, तेव्हा बोलू नये. अग्नी दिल्यावर मंडळी शेडखाली किंवा झाडाखाली टेकतात आणि कवटी फुटेपर्यंत थांबतात. आपल्या भागात शोकसभेची खरी वेळ ती. दफन करणाऱ्यांत माती दिल्यावर. माइक नसतो. धूर ज्या बाजूला जातो ती सोडून उभे राहावे आणि सगळ्यांत मागच्या माणसाकडे पाहून बोलावे, म्हणजे आवाज आपोआप पोचतो. घसा दाटला तर माफी मागत बसू नये. गप्प राहावे, कागदाकडे पाहावे, एक श्वास पूर्ण सोडावा. लोक थांबतात. तरीही जमले नाही तर शेजारी उभ्या असलेल्याने कागदावरचे शेवटचे वाक्य म्हणावे, त्याला आधी सांगून ठेवलेले असावे.

३० जानेवारी १९४८ च्या रात्री पंडित नेहरूंना काही तासांत देशाला आकाशवाणीवरून गांधीजींच्या हत्येची बातमी सांगायची होती. लिहिलेले भाषण नव्हते. कसे सांगावे हे समजत नाही, अशी त्यांनी सुरुवातीलाच एकदा कबुली दिली आणि पुढे गेले. गांधीजी कोण होते ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी दर्शन कुठे, अंत्ययात्रा कधी, हेही त्याच भाषणात सांगितले. आपल्यालाही तेवढी कबुली पुरते. तिसऱ्या दिवसाचा विधी किती वाजता आहे, पाहुण्यांनी कुठे थांबायचे, हे निरोपाआधी एका वाक्यात सांगितले तर घरच्यांवरचा तेवढा भार उतरतो.

एका मातीबद्दल वेगळे बोलले पाहिजे. आपल्या कापूस पट्ट्यात आत्महत्येची माती कुणाला चुकलेली नाही. तिथे ही तीन भागांची रीत अर्धीच वापरावी. कोण होता ते सांगावे, त्याच्या जगण्यातला एक प्रसंग सांगावा आणि घरच्यांना धीर द्यावा. कसा गेला हे बोलू नये, औषधाचे नाव काढू नये, का गेला याचा निकाल आपण लावू नये. कर्ज, नापिकी, घरातला ताण, आजार, कितीतरी गोष्टी एकत्र आलेल्या असतात. आपण एक बोट दाखवले की ते घरातल्या कुणाकडे तरी वळते. पुढे चौकशीला माणसे येतात तेव्हा चितेपाशी बोललेला शब्द गावभर फिरलेला असतो, आणि विधवेला त्याचे उत्तर द्यावे लागते. त्याला हुतात्मा म्हणण्याचा मोह आपल्यातल्या काहींना होतो. तो मोह आवरावा. गर्दीत त्याच वाटेवर विचार करत उभा असलेला आणखी एखादा असू शकतो, आणि तो कान देऊन ऐकत असतो. भाव, कर्ज, सरकार यांवर बोलायला तेराव्यानंतर तालुक्याला मोर्चा काढावा, तिथे तासभर बोलावे.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आपल्या पुष्कळ गावांत बाया मसणवटीत येत नाहीत. म्हणजे जिच्यासाठी बोलायचे ती बायको, ती लेक, ती सून घरी असते आणि आपण दोनशे पुरुषांपुढे बोलून येतो. काकूंच्या गावात काही म्हाताऱ्या आल्या होत्या, पण सून घरीच होती, मुलगी अजून वाटेत होती. परत आल्यावर आंघोळ झाली, कडुनिंबाचा पाला चावून झाला. मी ओसरीवर बसून ते पाकीट काढले आणि सुनेला काट्याचा प्रसंग पुन्हा सांगितला. तिने तो आधी कधी ऐकला नव्हता. पाकीट तिने मागून घेतले, म्हणाली, "वन्स रात्री येतील, त्यांना वाचून दाखवते."