दगड, देव आणि दुटप्पी न्याय

ऑगस्ट २०२२ मध्ये समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथे, राममंदिरातील पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या आणि अवघा महाराष्ट्र हळहळला. पुढे पोलिसांनी चोरांचा माग काढला. मात्र ‘जो देव स्वतःचे रक्षण करू शकत नाही, तो भक्तांचे काय करणार?’ हा जुनाच उपहास अशा वेळी हटकून ऐकू येतो. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

मूर्ती म्हणजेच देव, असे हिंदूंनी कधी मानले? गणेशचतुर्थीचा विधी पाहा. कुंभाराकडून आणलेली मूर्ती ही केवळ माती असते. प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देवत्वाचे आवाहन होते, मग षोडशोपचार पूजा. उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली, की ती पुन्हा माती होते आणि पाण्यात विसर्जित केली जाते. मूर्तीलाच देव समजणारा समाज स्वहस्ते देव बुडवील काय? खुद्द समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात देवाचे चार प्रकार सांगितले आहेत. प्रतिमा, अवतार, अंतरात्मा आणि निर्विकार ब्रह्म. प्रतिमा ही पहिली पायरी. तेथेच थांबणे त्यांना मान्य नाही.

याच जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात महानुभावांचे जाळीचा देव हे तीर्थ आहे. देवतांच्या मूर्तिपूजेने मोक्ष मिळत नाही, असे महानुभाव तत्त्वज्ञान सांगते. तेथे वंदन होते ते श्रीचक्रधरस्वामींच्या सहवासाने पुनीत झालेल्या स्थानाला. स्पर्श झालेल्या पाषाणाला ‘संबंधी पाषाण’ म्हणतात. मूर्ती पूजणारा आणि ती न पूजणारा, दोघेही इथे शतकानुशतके शेजारी नांदले. मतभेद झाले; वाद ग्रंथांतून झडले.

मग अन्यत्र प्रतिमेवर बंदी का? ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी विचारात ईश्वर सृष्टीचा निर्माता असून सृष्टीहून सर्वस्वी वेगळा आहे. निर्मित वस्तूला निर्मात्याचा मान देणे हे तेथे पाप. आपल्याकडे ईश्वर चराचरांत व्यापून आहे. म्हणून पाषाणात त्याला आवाहन करण्यात विसंगती नाही. बंदीमागेही एक तर्कशुद्ध श्रद्धा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ख्रिस्ती जगतातही हा वाद मिटला नव्हता. इ. स. ७८७ च्या निकाईया धर्मपरिषदेने चित्रांना वंदन करण्यास मुभा दिली. आदर चित्राला नव्हे, चित्रितास पोहोचतो, असा तिचा युक्तिवाद होता. मक्केतील काळ्या पाषाणाचे चुंबन घेणारा यात्रेकरूही ‘ही दगडाची पूजा नव्हे’ असे सांगतो, आणि त्याचे म्हणणे आपण खरे मानतो.

मग हिंदूचेच स्पष्टीकरण अमान्य का? आपला प्रश्न एवढाच आहे. ज्याला प्रतिमा नको, त्याने ती खुशाल ठेवू नये. परंतु स्वतःच्या नकाराला दुसऱ्याच्या गाभाऱ्याचा कायदा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.