मलेरियाची शेवटची गोळी परत आल्यानंतर असते

आफ्रिकेला कामानिमित्त जाणारे बरेच जण हल्ली माझ्याकडे येतात. "डॉक्टर, मलेरियाच्या गोळ्या कधीपासून घ्यायच्या?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. "कधीपर्यंत घ्यायच्या?" हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण इंजिनिअर टांझानियाला दोन आठवड्यांसाठी गेला होता. तिथे त्याने रोजची डॉक्सिसायक्लिनची गोळी एकदाही चुकवली नाही. घरी आल्यावर मात्र तिसऱ्या दिवशी बंद केली. "आता तिथले डास कुठे आहेत?" असा त्याचा हिशोब. परतल्यापासून बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. दोन दिवस व्हायरल समजून पॅरासिटामॉल घेतल्यावर तो आला. रक्ताच्या तपासणीत फाल्सिपॅरम मलेरिया निघाला. वेळेत उपचार मिळाले, म्हणून बरा झाला.

चूक कुठे झाली? डास चावल्यावर मलेरियाचे जंतू आधी यकृतात जातात. तिथे साधारण आठवडाभर, कधी त्याहून जास्त, ते वाढतात आणि मग रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन ही औषधं मुख्यतः रक्तातल्या जंतूंना मारतात, यकृतातल्यांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे निघायच्या आदल्या संध्याकाळी डास चावला, तर ते जंतू रक्तात येतील तेव्हा तुम्ही पुण्यात किंवा नाशकात असाल. त्या वेळी रक्तात औषध हवं. म्हणून परतल्यावरही पूर्ण चार आठवडे गोळ्या घ्यायच्या असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही १० जूनला तिथे पोहोचणार आणि २४ जूनला निघणार.

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक. सुरुवात दोन दिवस आधी, ८ जूनला. शेवटची गोळी २२ जुलैला. रोज ठरलेल्या वेळी, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. लोह, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेऊ नये. उन्हाने त्वचा लवकर भाजते, तेही लक्षात ठेवा. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ही देत नाहीत.

मेफ्लोक्विन २५० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सुरुवात दोन आठवडे आधी, २७ मे रोजी. मग ३, १०, १७, २४ जून आणि १, ८, १५, २२ जुलै. एकूण नऊ गोळ्या. इतक्या आधी सुरू करण्याची दोन कारणं आहेत. रक्तातलं प्रमाण हळूहळू वाढतं, आणि वाईट स्वप्नं, घबराट, चक्कर असा त्रास होणार असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन गोळ्यांतच कळतो, तेव्हा औषध बदलायला वेळ मिळतो. फिट्स येणाऱ्यांना किंवा नैराश्याचा आजार असणाऱ्यांना हे औषध देत नाहीत, त्यामुळे असं काही असेल तर लपवू नका.

तिसरं औषध, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, रोज घ्यायचं. ते यकृतातल्या जंतूंनाही मारतं, म्हणून एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस पुरतं. वरच्या उदाहरणात १ जुलैला संपेल.

तिघांचे दिवस वेगळे असल्याने मित्राने सांगितलेलं वेळापत्रक वापरू नका. मित्राने सात दिवसांत थांबवलं असेल, पण त्याची गोळी वेगळी असू शकते. घरात पडलेली क्लोरोक्विनही नेऊ नका. आफ्रिकेत फाल्सिपॅरमवर तिचा भरवसा राहिलेला नाही.

मी आता चिठ्ठीवर "चार आठवडे" असं लिहीत नाही. शेवटच्या गोळीची तारीख लिहितो आणि त्या तारखेपर्यंतच्या सगळ्या गोळ्या जाण्याआधीच घ्यायला लावतो. तुमच्या डॉक्टरांनी तारीख लिहिली नसेल, तर मागून घ्या.

गोळ्या पूर्ण घेतल्या तरी संरक्षण शंभर टक्के नसतं, म्हणून मच्छरदाणी आणि अंगाला लावायचं मलम सोडू नका. व्हायवॅक्स जातीचे जंतू तर यकृतात दडून काही महिन्यांनीही ताप आणतात. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, "मी आफ्रिकेत जाऊन आलोय." पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर ती पुन्हा करावी लागते.